संपाचे उत्तर दीडशे शब्दांत

‘१९८२ चा मुंबईतील गिरणी संप का अयशस्वी ठरला?’ हा प्रश्न दीडशे शब्दांसाठी विचारला, तर परळ-लालबागची मुलेसुद्धा साधारण एकाच वाटेने जातात. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली, मग गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, चाळी उभ्या राहिल्या, गिरणगाव वसले. १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडेपर्यंत अर्धी जागा भरलेली असते. उरलेल्या जागेत अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत, मालक आणि सरकार यांची घाईने हजेरी लागते आणि ‘अशा प्रकारे संप अयशस्वी झाला’ या वाक्यावर उत्तर थांबते. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण प्रश्न ‘का’ असा होता आणि ‘का’ला उत्तर मिळालेले नाही.

दुसरी वाट गाईडच्या वळणाची. (१) मालकांची ताठर भूमिका. (२) सरकारची उदासीनता. (३) कामगार कायद्यातील अडचणी. (४) यंत्रमागांची स्पर्धा. (५) आर्थिक ओढाताण. असे पाच-सहा मुद्दे एकाखाली एक उभे राहतात. तपासणाऱ्याच्या डोळ्याला ते सोपे जातात हे खरे, पण ती शीर्षके आहेत. कोणता कायदा, कसली अडचण, त्या अडचणीचा संपावर परिणाम काय, हे सगळे वाचणाऱ्याने मनातल्या मनात पुरे करायचे असते.

या दोन वाटांवरचा उपाय म्हणून मुद्दा–पुरावा–स्पष्टीकरण या क्रमाचा परिच्छेद आता शिकवला जातो. ब्रिटनमधल्या शाळांत ही रीत चांगलीच रुळलेली आहे आणि तिच्या उपयोगाबद्दल तिथल्या शिक्षकांत मतभेदही आहेत. आपल्याकडे तिची निकड वाढण्याचे कारण उघड आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत दहा गुणांच्या उत्तराला दीडशे आणि पंधरा गुणांच्या उत्तराला अडीचशे शब्द मिळतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरवले आणि विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तो बदल २०२५ पासून लागू करण्याचे जाहीर केले. पर्यायांतून निवड करायची सवय लागलेल्या मुलांना त्यामुळे परिच्छेद लिहायला बसावे लागले. शाळेत तर ‘विधाने सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आहेच. त्यातला ‘सकारण’ हा शब्द नेमके हेच मागतो.

ही रीत उपयोगी आहे का आणि कुठपर्यंत, हे ठरवायला वरचाच प्रश्न घेऊ. तिच्या चौकटीत बसणारा एक परिच्छेद असा लिहिता येईल:

‘संपकऱ्यांच्या संघटनेला मालकांशी करार करण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मुंबईच्या कापड गिरण्यांत “प्रातिनिधिक संघ” हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, डॉ. दत्ता सामंतांची संघटना त्याबाहेर होती. त्यामुळे ज्यांच्या मागे कामगार होते त्यांच्याशी केलेला करार कायद्यात बसत नव्हता आणि ज्यांच्याशी करार बसत होता त्यांच्या मागे संपकरी नव्हते. बोलणी टाळण्यासाठी मालकांना आणि सरकारला कायद्याचा आधार मिळाला व संप लांबत गेला.’

हे साठ-पासष्ट शब्द आहेत. पहिले वाक्य मुद्दा सांगते आणि तो पूर्ण विधानाच्या रूपात सांगते, म्हणजे कोणी त्याला ‘नाही’ म्हणू शकेल अशा रूपात. ‘कामगार कायद्यातील अडचणी’ या शीर्षकाला कोणी नाही म्हणू शकत नाही, म्हणूनच ते काही सिद्धही करत नाही. दुसरे वाक्य पुरावा देते. त्यात कायद्याचे नाव, साल, दर्जाचे नाव आणि तो कोणाकडे होता एवढेच आहे. कायदा कोणाच्या कारकिर्दीत झाला, त्यात आणखी काय तरतुदी होत्या, हे सारे वगळले आहे. माहीत असले तरी वगळले आहे. उरलेली दोन वाक्ये स्पष्टीकरणाची आहेत आणि परिच्छेदाची निम्मी जागा त्यांनी घेतली आहे. हे प्रमाण मला योग्य वाटते. मुलांच्या उत्तरांत ते बहुधा उलटे असते: पुरावा पाच ओळी आणि स्पष्टीकरण अर्धी ओळ.

ही रीत उत्तर लहान कशी करते, तेही इथेच दिसते. शब्द कापून ती उत्तर छोटे करत नाही. काय लिहायचे नाही हे ठरवायला ती एक कसोटी हाती देते. कावसजी दावर यांची गिरणी खरी आहे, महत्त्वाची आहे, पण वरच्या मुद्द्याचा ती पुरावा नाही, म्हणून ती जाते. ‘अडीच लाख कामगार’ हा आकडाही या परिच्छेदात येत नाही, कारण संप किती मोठा होता हे त्यातून कळते, तो का फसला हे कळत नाही. विद्यार्थ्याला हे जड जाते. पाठ केलेली माहिती न वापरणे म्हणजे गुण सोडणे, अशी समजूत शाळेपासून मनात बसलेली असते आणि आपण शिक्षकांनीच ती बसवली आहे.

आता या रीतीच्या विरोधात जे म्हटले जाते ते नीट ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे.

पहिला आक्षेप असा की मुले साचा उचलतात आणि विचार मागे ठेवतात. तिसऱ्या जागी काहीतरी लिहायचे म्हणून ती मुद्दाच पुन्हा लिहितात. ‘संघटनेला कायदेशीर अधिकार नव्हता. १९४६ च्या कायद्याने तो दुसऱ्या संघाला दिला होता. यावरून दिसते की संघटनेला कायदेशीर अधिकार नव्हता.’ वरून पाहता तिन्ही खण भरलेले आहेत, पण विचार पहिल्या वाक्यापाशीच उभा आहे. असे झाले की नाही हे ओळखायला एक सोपी तपासणी आहे. पुराव्याचे वाक्य हाताने झाका आणि उरलेला परिच्छेद वाचा. स्पष्टीकरण पुराव्याशिवायही तसेच्या तसे उभे राहत असेल, तर ते पुराव्याचे स्पष्टीकरण नाही. वरच्या परिच्छेदात कायद्याचे वाक्य झाकले, तर ‘करार कायद्यात बसत नव्हता’ हे वाक्य अधांतरी लोंबकळते. ते तसे लोंबकळले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एका परिच्छेदात एक मुद्दा म्हटले की प्रत्येक कारण स्वतंत्र आणि पुरेसे वाटू लागते. कायद्याचा परिच्छेद वाचून एखाद्याचा समज होईल की १९४६ चा कायदा नसता तर संप जिंकला असता. पण कायदा ही काही निसर्गाने घातलेली अट नव्हती. तो बदलणे सरकारच्या हाती होते आणि तो बदलावा ही संपाच्या मागण्यांपैकीच एक होती. सरकारने तो बदलला नाही. म्हणजे कायदा हे जसे कारण, तसेच ते सरकारच्या भूमिकेचे साधनही होते. मला वाटते, चौकट न मोडता हे सांगता येते. स्पष्टीकरणाच्या शेवटी ‘मात्र कायदा बदलणे सरकारच्या हाती होते, ते झाले नाही’ इतके एक वाक्य जोडले की मुद्द्याची मर्यादा स्पष्ट होते आणि सरकारच्या भूमिकेकडे जाण्याची वाटही मिळते. पण हे वाक्य चौकट स्वतःहून मागत नाही. ते शिकवावे लागते. ज्या वर्गात फक्त तीन खणांची रीत शिकवली जाते आणि ‘मात्र’ शिकवला जात नाही, त्या वर्गाबद्दल हा आक्षेप पूर्ण खरा आहे.

तिसरी अडचण पुराव्याच्या स्वभावातून येते. पुरावा नेहमी एकाच बाजूने बोलत नाही. गिरणी कामगारांचे गावाशी असलेले नाते घ्या. संप लांबला तसे अनेक कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या आपापल्या गावी गेले. हा कशाचा पुरावा आहे? गावच्या शेतीच्या आणि भावकीच्या आधारामुळे पगाराविना इतके महिने काढता आले, म्हणून तो संपाच्या ताकदीचा पुरावा आहे. त्याच वेळी शहरातली माणसे विखुरली, लालबाग-काळाचौकीतला रोजचा दबाव ओसरला, आणि गिरण्यांत परत कामावर जाणाऱ्यांना थोपवायला माणसे कमी पडली असतील, तर तो दुबळेपणाचाही पुरावा आहे. ‘मुद्दा आधी ठरवा, मग त्याला पुरावा शोधा’ असे शिकलेला विद्यार्थी यातली एक बाजू उचलतो आणि दुसरी टाकून देतो. इथे रीतीचा क्रम धोक्याचा ठरतो.

यावर उपाय असा की लिहिण्याचा क्रम आणि विचाराचा क्रम वेगळे ठेवायचे. विचार पुराव्यापासून सुरू करायचा: गावी गेलेले कामगार, त्यातून काय काय निष्पन्न होते? मग जे निष्पन्न होते तोच मुद्दा, दोन्ही बाजूंसह, पहिल्या वाक्यात ठेवायचा. ‘गावाशी असलेल्या नात्याने संप टिकवला आणि त्याच नात्याने तो शहरात विरळही केला. अनेक कामगार कोकणात आणि घाटावर आपल्या गावी परतले. तिथल्या आधाराने पगाराविना महिने निघाले. पण मुंबईत मालकांवर आणि सरकारवर पडणारा दबाव कमी झाला.’ परिच्छेद लहानच राहिला, मुद्दा आधीच आला, आणि पुराव्याची ओढाताण झाली नाही.

क्रमाचा आणखी एक सापळा आहे. तो १९०८ च्या संपाबाबत फार दिसतो. लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. सहा वर्षांना सहा दिवस हे इतके नेमके जुळते की विद्यार्थी तिथेच थांबतो: मुद्दा टिळकांवरील निष्ठा, पुरावा शिक्षेची तारीख, स्पष्टीकरण ‘म्हणून संप झाला’. पण एकामागून दुसरे घडले एवढ्याने पहिल्यामुळे दुसरे घडले हे ठरत नाही. शिक्षा होण्याआधी, खटला चालू असतानाच काही गिरण्यांत काम थांबत होते. त्याआधीच्या काही वर्षांत गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, त्यामुळे अंधार पडल्यावरही यंत्रे चालवता येऊ लागली आणि कामाचा दिवस लांबला. प्रौढ पुरुषांचे कामाचे तास बारावर आणणारा कायदा १९११ मध्ये आला. म्हणजे ज्या कामगाराने जुलै १९०८ मध्ये खाते सोडले, त्याच्याजवळ टिळकांविषयीची ओढही होती आणि लांबलेल्या दिवसाचा राग आधीपासून साचलेला होता. चांगले स्पष्टीकरण या दोन्हींचा सांधा दाखवते: शिक्षेने ठिणगी दिली, आणि ती जिथे पडली तिथे पेटण्याजोगे काय होते ते दिव्यांच्या आणि तासांच्या पुराव्यातून कळते. इथे मुद्दा–पुरावा–स्पष्टीकरण ही रीत चुकीची नाही. तारीख हाच पुरावा मानणे चुकीचे आहे.

पुरावा म्हणजे काय, हा प्रश्न मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो, आणि गिरणगावात तो घराघरात उभा आहे. काळाचौकीच्या किंवा डिलाईल रोडच्या एखाद्या मुलाचे आजोबा संपात होते. घरी सांगितले जाते की मालकांना जमिनी विकायच्या होत्या म्हणून त्यांनी संप मुद्दाम चिघळू दिला. ही गोष्ट उत्तरात पुरावा म्हणून घालावी का? परीक्षेच्या दृष्टीने सावध शिक्षक ‘नको’ म्हणेल आणि त्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या कामगारांच्या आठवणी गोळा करून २००४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अशा आठवणीच इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासकांसमोर आल्या. फरक पुराव्याच्या प्रतीचा कमी आणि त्याने सिद्ध काय होते याचा जास्त आहे. आजोबांची आठवण हा मालकांच्या हेतूचा पुरावा नाही. मालकांच्या मनात काय होते ते आजोबांना प्रत्यक्ष दिसले नव्हते. कामगारांनी संपाचा पराभव कसा समजून घेतला, याचा मात्र ती थेट पुरावा आहे. गिरण्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या करणारा नियम १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आला, म्हणजे संपानंतर नऊ वर्षांनी. तो पाहिल्यावर मागची घटना जमिनीच्या चष्म्यातून आठवली जाणे स्वाभाविक होते. मुद्दा असा बदलला की तीच आठवण पुरावा म्हणून पक्की होते: ‘पराभवाचा अर्थ कामगारांनी पुढच्या काळातल्या जमिनीच्या व्यवहारांतून लावला.’ मुलाच्या घरातली गोष्ट इतिहासाच्या उत्तरात जागेवर बसवणारी अशी रीत मला मौल्यवान वाटते. साचा म्हणून तिची हेटाळणी करणाऱ्यांनी ही बाजू पाहावी.

क्रमांक घालून मुद्दे लिहिण्याची जी जुनी पद्धत आहे, तिलाही न्याय दिला पाहिजे. मंडळाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकापुढे गठ्ठा असतो, वेळ ठरलेला असतो आणि आदर्श उत्तरात मुद्दे मोजलेले असतात. तिथे क्रमांकांमुळे मुद्दे नजरेतून निसटत नाहीत. ज्या मुलाचे मराठी लेखन कच्चे आहे, घरी दुसरी भाषा बोलली जाते, त्याला क्रमांकांचा आधार मोठा असतो. त्याच्याकडून तो एका फटक्यात काढून घेणे मला बरोबर वाटत नाही. नववी-दहावीत क्रमांक राहू द्यावेत आणि प्रत्येक क्रमांकापुढे शीर्षकाऐवजी दोन वाक्ये मागावीत: एक विधान आणि एक ‘कारण’. पुरावा आणि स्पष्टीकरण वेगळे करण्याचे काम अकरावीत येऊ शकते. स्पर्धापरीक्षेच्या उमेदवाराची गोष्ट निराळी. त्याच्याकडून मत मागितले जाते, ‘चर्चा करा’, ‘परीक्षण करा’ असे शब्द प्रश्नात असतात, आणि क्रमांकांच्या यादीत मुद्द्यांमधले नाते दाखवायला जागा नसते. त्याने परिच्छेदच लिहावा.

दीडशे शब्दांत असे पूर्ण परिच्छेद दोनच बसतात. हे गणित विद्यार्थी मान्य करायला तयार नसतात, पण ते टाळता येत नाही. सामान्य अध्ययनाच्या एका पत्रिकेत वीस प्रश्न आणि तीन तास असतात, म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटे, त्यात वाचणे आणि विचार करणे आलेच. साठ शब्दांचे दोन परिच्छेद झाले की तीस शब्द उरतात. ते प्रस्तावनेवर घालू नयेत. पहिल्या परिच्छेदाचा मुद्दा हीच प्रस्तावना. तीस शब्द दोन कारणांचे नाते सांगण्यासाठी राखून ठेवावेत, कारण चौकटीत नेमकी तीच जागा नाही. गिरणी संपाच्या उत्तरात ते असे खर्च करता येतील: ‘कायद्याने बोलणी अडवली, म्हणून संप लांबला, लांबला म्हणून कामगार गावी पांगले. दोन्ही कारणे वेगळी नसून एकातून दुसरे आले.’ हे अठरा शब्द आहेत. पांगण्याचे जे कारण आधी केवळ यादीत होते, ते आता पहिल्या कारणाचा परिणाम झाले.

उरलेले बारा शब्द प्रश्नालाच एक दुरुस्ती सुचवायला पुरतात. बहुतेक उत्तरांत संप ‘अमुक महिन्यात संपला’ असे बेधडक लिहिलेले असते. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. कामगार हळूहळू परतले किंवा परतण्याजोगे काम उरले नाही, आणि १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. ज्या तारखेला पुरावा नाही ती तारीख लिहायची नाही. ‘संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही’ हे वाक्य उत्तरात आले, तर तपासणाऱ्याला कळते की या उमेदवाराने पुराव्याचा शब्द नुसता पाठ केलेला नाही.